बैठकीच्या जागेतील दुखण्याविषयी

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार. हे दुखणे समोर बसून सांगायला संकोच वाटतो आणि दवाखान्यातल्या गर्दीत निम्मे सांगायचे राहून जाते, म्हणून आधी लिहून पाठवत आहे.

वृषणांच्या मागे आणि गुदद्वाराच्या पुढे जी दोन बोटे जागा आहे, तिथे किंचित डावीकडे गेले सहा आठवडे दुखते. मार पडलेला नाही; मार्चअखेरचे हिशेब करताना कारखान्यात रोज नऊ-दहा तास खुर्चीवर बसावे लागले, तेव्हापासून हे सुरू झाले. सकाळी उठतो तेव्हा काहीही नसते. बसून पाऊण तास झाला की आत खडा रुतल्यासारखे वाटते, पुढे ठणका लागतो आणि संध्याकाळपर्यंत तो दहापैकी सहापर्यंत जातो. उभा राहिलो की दहा मिनिटांत उतरतो, आडवा झाल्यावर थांबतो. रात्री त्याने झोपमोड झालेली नाही. नवल म्हणजे कमोडवर बसल्यावर दुखत नाही, म्हणून मी कारखान्यातल्याच टॉवेलची चुंबळ करून खुर्चीवर ठेवली आणि तिचा निम्मा तरी उपयोग होतो.

अक्कलकोट रोडवर स्कूटरला धक्के बसले, शौचाला कुंथावे लागले किंवा पत्नीशी संबंध आला, की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणे वाढलेले राहते. कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटे बसल्याने आराम पडतो. औषधाच्या दुकानदाराने मूळव्याध ठरवून दिलेले मलम चार दिवस लावले, पण फरक पडला नाही. पॅरासिटामॉलनेही फारसे काही झाले नाही.

ताप, थंडी, लघवीला जळजळ, लघवीत किंवा शौचात रक्त, यांपैकी काही नाही. आरसा धरून पाहिले. गाठ, लाली किंवा पू दिसला नाही. पायांत ताकद आहे, शौच-लघवीवर ताबा आहे. मात्र लघवीची धार पूर्वीपेक्षा मंद वाटते, आणि गेल्या आठवड्यात दोनदा त्याच जागी मुंग्या आल्या. त्या उभा राहताच गेल्या, तरी आपल्याला सांगणे मला आवश्यक वाटते. माझे वय 47 आहे आणि आपण दिलेली मधुमेहाची गोळी नियमित चालू आहे, पण उपाशीपोटीची साखर परवा 148 आली, त्यामुळे जंतुसंसर्गाची धास्ती वाटते.

थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा तिथे लाल, तापलेली सूज आली, तर आपल्या उत्तराची वाट न पाहता मी थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जाईन. तसे काही नसल्यास शनिवारी संध्याकाळी येऊ का? येण्याआधी लघवीची तपासणी करून आणायची असल्यास कृपया कळवावे, आणि तपासणी गुदद्वारातून बोट घालून करावी लागणार असेल तर तेही आधीच सांगावे, म्हणजे मनाची तयारी राहील. स्कूटर घरी ठेवून रिक्षाने येईन.

आपला नम्र,
सिद्राम