4थीचा लगोरीचा तास (40 मिनिटं, 28 मुलं)

मॅडम, उद्या मी ट्रेनिंगला आहे, 4थीचा खेळाचा तास तुम्ही घेताय म्हणून सगळं इथे लिहून ठेवते. सामान ऑफिसातल्या गोणपाटात आहे, फुटक्या फरशीचे 14 तुकडे (कडा घासून बोथट केल्यात) आणि जुन्या मोज्यात चिंध्या भरून सुतळीने आवळलेले 2 चेंडू, बास. रबरी चेंडू देऊ नका, जवळून सणसणीत लागतो आणि मग रडारड.

7-7 चे चार संघ, चकून नको, त्यात 10 मिनिटं जातात, हजेरीच्या नंबराने करा. दोन लगोऱ्या लांब लांब मांडा, मोठी चीप खाली.

पहिली 8 मिनिटं फक्त नेम. 5 पावलांवरून टाकायचं, लागला की एक पाऊल मागे, चुकला की तिथेच. जोरात फेकू नका म्हणून ओरडून उपयोग नाही, "तळातल्या चिपेकडे बघ, हात खालून आण" एवढंच सांगा. दोघं-तिघं पहिल्यांदा हमखास आभाळात फेकतात.

मग 5 मिनिटं आबाधुबी, चुन्याच्या चौकोनात, सगळं कमरेखाली. इथे बघायचं ते हे की पाठ करून पळणाऱ्याला लगेच बसतो. चेंडूवाल्याकडे तोंड ठेवून, गुडघे वाकवून, शेवटच्या क्षणाला बाजूला व्हायचं, हे एखाद्या चपळ पोराला करून दाखवायला लावा, आपण केलं की मुलं हसतात नुसती.

आता डाव. तीन चान्समध्ये लगोरी फोडायची, फुटली की पळायचं आणि चेंडू चुकवत परत रचून "लगोरी!" ओरडायचं. आमच्या गल्लीत एकाला लागला की डाव गेला, पण इथे तसं केलं तर 10 सेकंदात खेळ आटपतो, म्हणून तीन भिडू बाद झाले की डाव संपला. आणि चेंडू हातात असताना पळायचं नाही, पास द्यायचा. हा नियम सोडू नका हं, नाहीतर एकच दांडगा मुलगा सगळ्यांना मारत सुटतो आणि बाकीचे सहा बघत उभे.

प्रत्येक डावाआधी एक मिनिट घोळक्यात बोलू द्या. रचणार कोण, हुलकावणी देऊन चेंडू लांब नेणार कोण. पहिल्या डावात सातही जण चिपांवर तुटून पडतात आणि लगोरी त्यांच्याच पायाने पडते, पडू द्या, तुम्ही सांगू नका, फक्त विचारा "कोणाला रचताच आलं नाही, का?" दुसऱ्या डावात आपोआप दोघं रचतात. मागच्या वेळी तर एक अगदी हळू पळणारी मुलगी शांतपणे पाच चिपा रचून मोकळी झाली, सगळे दुसरीकडे चेंडूमागे!

रडीचा डाव झालाच तर तो चान्स परत द्या, निवाडा करत बसू नका. घंटेआधी 14 तुकडे मोजून गोणपाटात, एक नेहमी कमी पडतो, कुणाच्या तरी खिशात असतो.