कल्याणचा माल भडोचला उतरला: बेरेनिकेच्या एका व्यापाऱ्याची मुलाखत

(माणूस काल्पनिक आहे, प्रश्नही मीच बनवलेत. पण बंदरं, वारे, जकात, भाव आणि माल सगळं खरं. काळ इ.स. पहिल्या शतकाचा मध्य, म्हणजे इजिप्त रोमच्या ताब्यात, भडोचला क्षत्रप नहपान आणि त्याचं सातवाहनांशी वाकडं. व्यापारी अलेक्झांड्रियाचा ग्रीक बोलणारा माणूस, भडोचच्या वखारीत बसलाय, परतीचा वारा सुरू व्हायची वाट बघत.)

आधी हे सांगा, घरून इथपर्यंत यायला किती दिवस लागतात?

कुठून मोजायचं त्यावर आहे. अलेक्झांड्रियाहून नाईल नदीतून वर कॉप्टोसपर्यंत साधारण 12 दिवस, तेही मागून वारा असेल तर. कॉप्टोसला सगळा माल उंटांवर चढवायचा आणि वाळवंटातून बेरेनिकेला, म्हणजे तांबड्या समुद्राच्या बंदराला, अजून 12 दिवस. हा प्रवास जास्त करून रात्री, कारण दिवसा उन्हात उंटही चालत नाही आणि माणूसही. ठराविक ठिकाणी पाण्याचे तळ आहेत, तिथे पहारा असतो, तिथंच मुक्काम. उंट आपले नसतात, कॉप्टोसला पिढ्यानपिढ्या हाच धंदा करणारी घराणी आहेत, त्यांना ठेका द्यायचा, ते माल मोजून घेतात आणि पावती देतात. मग बेरेनिकेहून जुलैमध्ये जहाज सोडायचं, ओकेलिसपर्यंत, म्हणजे तांबडा समुद्र जिथे संपतो तिथपर्यंत, 30 दिवस धरा, आणि पुढे उघडा समुद्र.

बेरेनिके एवढं खाली दक्षिणेला का बांधलं पण? सुएझच्या बाजूला बंदर असतं तर उंटांचा खर्च वाचला असता ना.

हा प्रश्न जमिनीवरचा माणूस विचारतो, तरी चांगला आहे. तांबड्या समुद्राच्या वरच्या अर्ध्या भागात जवळजवळ वर्षभर उत्तरेचा वारा असतो. जाताना तो मदतच करतो, पण येताना भरलेलं जहाज घेऊन त्याच्या तोंडावर वर जायचं म्हणजे आठवडेच्या आठवडे जातात, त्यात प्रवाळाचे खडक. त्यापेक्षा खालीच माल उतरवा आणि उंटावर टाका, ते परवडतं.

जुलैमध्ये निघता म्हणजे आमच्याकडे ऐन पावसाळा. कोकणात त्या दिवसांत कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. भीती नाही वाटत?

वाटते ना. पण हिशोब असा की जुलैत निघालं की अरबस्तानच्या टोकापर्यंत पोचता पोचता ऑगस्ट होतो, तिथून नैऋत्येचा वारा मागून पकडायचा आणि तुमच्या किनाऱ्यावर सप्टेंबरात यायचं, तेव्हा वाऱ्याचा जोर ओसरलेला असतो. लवकर निघालात तर किनाऱ्यावर जहाज फुटतं, उशीर केलात तर वारा संपतो आणि अख्खं वर्ष गेलं. आमची जहाजं जड लाकडाची, खिळ्यांनी आणि सांध्यांनी ठोकलेली, म्हणून तो वारा सोसतात. अरबांची जहाजं दोरीने शिवलेली असतात, ते लोक असल्या वाऱ्यात सहसा येत नाहीत. परत जायचं डिसेंबरमध्ये, फार तर जानेवारीच्या मध्यापर्यंत, तेव्हा वारा उलटा ईशान्येकडून.

किनारा जवळ आला हे कसं कळतं? होकायंत्र तर नाही.

साप. खरंच सांगतोय. खोल समुद्रात असतानाच पाण्यावर साप दिसायला लागतात, सिंधूच्या मुखाकडे मोठे आणि काळे, भडोचकडे आलं की लहान, हिरवट-सोनेरी. ते दिसले की खलाशी एकदम सावध होतात, कारण जमीन अजून दिसत नसते. आणि मग खरी परीक्षा, ती भडोचची खाडी.

का, काय आहे तिथे?

तोंड अरुंद, तळ उथळ आणि खडकाळ, नांगराचा दोर खडकाने कापला जातो. भरती अशी येते की आधी लांबून आवाज ऐकू येतो आणि मग पाणी येतं, आणि ओहोटीला हेच पाणी एवढं उतरतं की जिथे जहाज उभं होतं तिथे चिखल. नवख्या माणसाचं जहाज आडवं पडतं आणि पुढच्या भरतीला पाणी भरून संपतं. म्हणून राजाने तिथले कोळी नेमलेत, लांबोड्या होड्या घेऊन ते पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येतात. आमच्या जहाजाला दोर बांधतात, वल्ह्यांनी ओढत नेतात, भरती सुरू झाली की चालायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या डोहात नांगर टाकून थांबायचं. असं करत करत नर्मदेतून वर भडोचपर्यंत. मी अलेक्झांड्रियातले नावाजलेले तांडेल बघितलेत, पण त्या खाडीत ते गप्प बसतात आणि त्या कोळ्याच्या तोंडाकडे बघतात. त्या माणसांची नावं कुठे लिहिली जाणार नाहीत, म्हणून मी सगळीकडे सांगत असतो, भडोचचा व्यापार त्यांच्या हातावर चालतो.

आणलंत काय आणि नेताय काय?

आणली दारू, इटलीची जास्त खपते, मग लाओदिकेयाची. तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, थोडी रोकड. आमचं सोन्या-चांदीचं नाणं इथे बदललं तर त्यातच फायदा सुटतो. गंमत म्हणजे इथल्या बाजारात अजून मिनँडर आणि अपोलोडोटस या जुन्या ग्रीक राजांचे द्रम्म फिरतात, त्यांची राज्यं जाऊन कितीतरी काळ झाला तरी. नेणार जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, सुती कापड आणि पिंपळी. रोममध्ये काळी मिरी रतलाला 4 दिनारांना मिळते आणि पिंपळी 15 ला. काळ्या मिरीसाठी मलबारात मुझिरिसला जावं लागतं, तिथली जहाजं वेगळी, मोठी, त्यात मी पडत नाही.

राजासाठी वेगळा माल असतो म्हणे. चांदीची भांडी, भारी दारू, आणि गाणारी मुलं, जनानखान्यासाठी मुली. हे तुम्हीही आणता?

आणतात. मीही एकदा आणलंय.

त्यांचं पुढे काय होतं?

राजवाड्यात जातात. माल उतरला की माझ्या वहीत ती ओळ बंद होते.

माणसं होती ती, माल कसला.

आमच्या वहीत मालच लिहितात. तू मला विचारलंस म्हणून सांगितलं, बदलून सांगत नाही.

बरं. आता माझ्या मनातला प्रश्न. मी कल्याणचा. आमच्या गावात तुमची जहाजं यायची, मग बंद का झाली?

सातवाहन राजा थोरल्या सातकर्णीच्या वेळी कल्याण कायदेशीर पेठ होती, उघडपणे जायचं, जकात भरायची, माल विकायचा. मग ते सांदनेस नावाच्या शासकाच्या हातात गेलं आणि अडवणूक सुरू झाली. या खेपेला माझ्या जहाजावर कल्याणच्या एका आडत्यासाठी तांबं आणि काच होती, जुना माणूस, त्याच्याशी उधारीचा व्यवहार. आम्ही ठाण्याच्या खाडीच्या तोंडाशी आलो आणि दोन नावा आडव्या आल्या. सैनिक वर चढले, मारहाण वगैरे काही नाही, कप्तानाला फक्त दिशा दाखवली आणि एकजण सुकाणूपाशी उभा राहिला. तसंच पहाऱ्यात भडोचपर्यंत. तांबं भडोचला उतरलं, पडेल भावात.

म्हणजे भांडण राजांचं, नुकसान कल्याणच्या आडत्याचं.

आणि पैठणच्या गाडीवानाचंही, तो हिशोब बघ. पैठणचा अकीक आणि तगरचं कापड, म्हणजे तुमचं तेर, नाणेघाट उतरून कल्याणला आणलं तर जवळ. नाणेघाटात रांगच्या रांग बैल उतरतात असं मी ऐकलंय, बघितलं नाही. आता तेच सगळं पैठणहून 20 दिवस चालत भडोचला येतं, आणि तगर पैठणपासून पूर्वेला अजून 10 दिवसांवर. धड रस्ता नसलेल्या मुलखातून बैलगाड्या. तो वाढलेला खर्च कापडावर चढतो, मग अलेक्झांड्रियात मी चढवतो, पण गाडीवानाला जास्त काही मिळत नाही, त्याचा बैल मात्र मरतो.

प्रॉफिट मग किती? लोक म्हणतात शंभरपट.

शंभरपट म्हणणारा माणूस रोममध्ये बसलेला असतो. परत गेल्यावर इजिप्तमध्ये चौथाई जकात, म्हणजे मालाच्या किमतीच्या 25 टक्के सरळ सरकारला. कॉप्टोसहून माल सील करून अलेक्झांड्रियाच्या वखारीत जातो, जकात चुकल्याशिवाय हात लावता येत नाही. त्याआधी उंट, नदीतली होडी, पहाऱ्याचे धनुर्धारी, कारण कोकण किनाऱ्यावर चाचे आहेत. आणि भांडवल माझं नाही, सावकाराचं आहे. आमच्याकडे समुद्री कर्जाचा नियम असा की जहाज बुडालं तर कर्जही बुडालं, म्हणून सावकार व्याज तसंच जबर लावतो आणि परत आलेला माल त्याच्याकडे तारण. एवढं सगळं करून उरतं, नाही असं नाही, नाहीतर आलोच नसतो.

आमच्या काळात बेरेनिकेला खोदकाम झालं. सेरापिसच्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली, आणि घरांच्या बांधकामात सागाची लाकडं.

साग असणारच. जहाज मोडलं की त्याचं लाकूड फेकत नाहीत, वाळवंटात दुसरं लाकूड आहे कुठे? फळ्या काढायच्या आणि घराला लावायच्या. आणि देवळात मिरी म्हणजे पूजेसाठी ठेवलेली असणार. साडेसात किलो मिरी कुणी विसरत नाही, तिथे नक्की काहीतरी झालं असणार.

आणि नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलाय.

म्हणजे सातवाहन जिंकले?

हो. नहपानाचं राज्य गेलं.

मग कल्याण उघडेल.

उघडलं. पुढे सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाजही आलं. कार्ल्याच्या लेण्यात तर धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे तुमच्याच ग्रीक लोकांनी, दिलेले खांब आहेत, नावं सगळी इथलीच.

इथे राहिलेले लोक असतील ते. काही जण राहतात, लग्न करतात, मुलांची नावं इथलीच ठेवतात. सोकोत्रा बेटावरही आमचे, अरब आणि तुमचे असे सगळे मिसळून राहतात, कुणी कुणाला विचारत नाही.

शेवटचं विचारतो, पुढच्या वर्षी कल्याणचा प्रयत्न करणार?

तू सांगितलेलं खरं असलं तरी पुढच्या वर्षीपर्यंत ते होणार आहे का, हे मला माहीत नाही, आणि सावकाराला तर अजिबात पटणार नाही. पुढच्या वर्षी भडोचच. पण आडत्याचे पैसे परत करायचेत, म्हणून घाटावरून येणाऱ्या एका गाडीवानाकडे चिठ्ठी दिलीये आणि तांब्याचे जेवढे आले तेवढे पैसे दिलेत. त्याने ते पोचवले तर पुढच्या खेपेला कळेल.