केस स्टडी: नितंबाच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर सॅक्रमवर झालेला दाबव्रण – परिचर्या नियोजन

रुग्णाची ओळख

श्रीमती म., वय ७८. घरात पडून डाव्या मांडीच्या हाडाच्या मानेचा भाग मोडला. मागच्या बाजूने छेद घेऊन हेमिआर्थ्रोप्लास्टी झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी स्पंज बाथ देताना सॅक्रमवर जखम आढळली. उच्च रक्तदाबाची गोळी सुरू आहे, मधुमेह नाही, क्रिएटिनिन ०.८. नियोजनाचा कालावधी त्या दिवसापासून ७ दिवसांचा.

मूल्यांकन

रुग्ण सांगतात: "कूस बदलताना कळ येते, म्हणून मी हलतच नाही." वेदना पडून असताना १० पैकी २, हलताना ६. भूक मंदावली आहे. त्यांच्या सांगण्यानुसार २ महिन्यांपूर्वी वजन ५१ किलो होते, आता ४८ आहे, म्हणजे सुमारे ६ टक्के घट. उंची १५२ सेंमी.

जखम २.४ × १.८ सेंमी, उथळ, तळ गुलाबी व ओलसर, स्राव थोडा, पिवळा थर नाही, दुर्गंधी नाही. भोवतालची त्वचा १.५ सेंमीपर्यंत लाल, बोटाने दाबल्यावरही लाली जात नाही. ती जागा हाताला गरम आणि किंचित कडक लागते. सावळ्या त्वचेवर लाली फसवी ठरते, म्हणून स्पर्शाची ही नोंद रंगाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची. जखम नेमकी हाडाच्या उंचवट्यावर आहे, कडा स्पष्ट आहेत आणि नितंबांच्या घडीत पसरलेली नाही. त्यामुळे ओलाव्याने झालेला त्वचादाह नव्हे, दुसऱ्या टप्प्याचा दाबव्रण ठरतो. जखमेची स्थिती मोजणारे पुश गुण: क्षेत्रफळ (४.३ चौ. सेंमी) ७, स्राव १, ऊती १, एकूण ९.

दाबव्रणाचा धोका मोजणारे ब्रेडन गुण: संवेदना ३, ओलावा २, हालचाल २, शरीराची स्थिती बदलण्याची क्षमता २, आहार २, घर्षण व ओढ १, एकूण १२, म्हणजे उच्च धोका. एकूण गुणापेक्षा उपविभाग अधिक सांगतात: सर्वांत कमी गुण घर्षण आणि ओढीला आहे. चार्ट पाहिल्यावर कारणही दिसते. पलंगाचे डोके दिवसभर ४५ ते ६० अंशांवर होते, रुग्ण घसरत खाली येत होत्या आणि त्यांना चादरीवरून ओढून वर घेतले जात होते. रात्री ११ ते पहाटे ४ या वेळेत कूस बदलल्याची नोंद नाही.

लघवीची नळी दुसऱ्या दिवशी काढली. वेळेवर कॉमोडपर्यंत पोहोचता न आल्याने २४ तासांत ५ वेळा अंथरूण ओले झाले. आहारनोंदीनुसार रोजची प्रथिने सुमारे ३५ ग्रॅम, ऊर्जा ९०० किलोकॅलरी. हिमोग्लोबिन ९.४. अल्ब्युमिन २.९ आहे, पण शस्त्रक्रियेनंतरच्या दाहामुळेही ते खाली येते. म्हणून पोषणाचे निदान वजनघट आणि प्रत्यक्ष आहारावर उभे केले आहे, या आकड्यावर नाही. कॅम पद्धतीने तपासणी: डिलिरियम नाही.

परिचर्या निदाने, प्राधान्यक्रमाने

१. सॅक्रमवर दुसऱ्या टप्प्याचा दाबव्रण. कारण: सततचा दाब, घसरल्याने पडणारी ओढ आणि ओलावा. पुरावा: वरील मोजमाप, ब्रेडन १२.

२. हालचालीत अडथळा, कारण: शस्त्रक्रियेनंतरची वेदना, पुरावा: हलताना वेदना ६, स्वतःहून कूस न बदलणे.

३. गरजेपेक्षा कमी पोषण. कारण: मंद भूक. पुरावा: ६ टक्के वजनघट, प्रथिने ३५ ग्रॅम.

शस्त्रक्रिया हे पहिल्या निदानाचे कारण म्हणून लिहिलेले नाही. ती परिचारिकेला बदलता येत नाही. दाब, ओढ आणि ओलावा बदलता येतात, आणि पुढची प्रत्येक कृती यांपैकी एकाला भिडते.

उद्दिष्टे (७ दिवसांत)

पुश गुण ९ वरून ६ किंवा कमी. नवी लाली नाही. हलताना वेदना ३ किंवा कमी. वॉकर व एका व्यक्तीच्या मदतीने ५ मीटर चालणे. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने.

कृती आणि त्यामागचा आधार

*दाब.* इथे खरा पेच आहे. मागून छेद घेतलेल्या सांध्यासाठी मांडी मध्यरेषेपलीकडे जाऊ द्यायची नाही, पाय आत वळवायचा नाही, सांधा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही. फक्त उजवी कूस आणि पाठ एवढेच पर्याय ठेवले, तर निम्मा वेळ भार जखमेवरच येतो. म्हणून शल्यचिकित्सकांना विचारून गुडघ्यांमध्ये उशी ठेवून डाव्या कुशीवरही ३० अंशांच्या कलण्याची परवानगी घेतली व ती लेखी नोंदवली. क्रम: उजवी ३० अंश, डावी ३० अंश, पाठीवर फक्त ड्रेसिंग किंवा प्रक्रियेपुरते. प्रत्येक वेळी सॅक्रमखाली हात घालून भार सुटल्याची खात्री करायची. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी.

दिवसा दर २ तासांनी, रात्री दर ३ तासांनी कूस बदलायची. २०१३ च्या टर्न अभ्यासात दाट फोमच्या गादीवर २, ३ आणि ४ तासांच्या अंतराने कूस बदललेल्या गटांत दाबव्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ते वृद्धसेवागृहांतील, सुरुवातीला व्रण नसलेले रहिवासी होते. श्रीमती म. यांना व्रण आहे, म्हणून ४ तासांचे अंतर घेतलेले नाही. रात्रीचे ३ तास झोप टिकावी आणि डिलिरियम टळावा यासाठी, तेही उच्च दर्जाच्या फोम गादीवर. अर्ध्या तासात न ओसरणारी लाली दिसल्यास लगेच २ तासांवर परत.

*ओढ.* डोके ३० अंशांपेक्षा वर नाही. जेवण खुर्चीत, दाब विभागणाऱ्या उशीवर, एका वेळी जास्तीत जास्त ६० मिनिटे. वर सरकवताना दोन व्यक्ती आणि स्लाइड शीट. रिंगच्या आकाराची उशी आणि लाल जागेचे मालिश, दोन्ही बंद. २०१९ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात.

*जखम आणि ओलावा.* सलाइनने धुणे, कडेपलीकडे किमान ३ सेंमी जाणारे सिलिकॉन फोम ड्रेसिंग, दर ३ दिवसांनी किंवा मळल्यास बदल. प्रत्येक पाळीत कड उचलून पाहणे. बॅरियर क्रीम ड्रेसिंगच्या जागेबाहेरच लावायचे; त्याखाली लावले तर ड्रेसिंग सुटते, गुंडाळते आणि ती गुंडाळीच नवा दाब बनते. दिवसा दर २ तासांनी, कूस बदलण्याच्या वेळीच, कॉमोड.

*वेदना व हालचाल.* वजन ५० किलोपेक्षा कमी असल्याने डॉक्टरांनी पॅरासिटामॉल १ ग्रॅमऐवजी ६५० मिग्रॅ, दर ६ तासांनी लिहिले आहे. फिजिओथेरपी डोसनंतर ४५ मिनिटांनी.

*पोषण.* मार्गदर्शक तत्त्वांतील किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि ३० ते ३५ किलोकॅलरी या हिशेबाने सुमारे ५८ ते ७२ ग्रॅम आणि १४४० ते १६८० किलोकॅलरी. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने प्रथिनयुक्त पूरक पेय दिवसातून दोनदा.

फलमूल्यमापन (सातवा दिवस)

जखम १.६ × १.२ सेंमी (१.९ चौ. सेंमी): क्षेत्रफळ ४, स्राव १, ऊती १; पुश ६. भोवतालची लाली गेली, नवी कुठे नाही. उद्दिष्ट साध्य. ब्रेडन १६: ओलावा, हालचाल आणि स्थिती बदलणे प्रत्येकी ३, घर्षण २. आहार मात्र २ वरच.

हलताना वेदना ३, वॉकरने ८ मीटर, साध्य. अंथरूण ओले होणे दिवसातून १ वेळ, तेही पहाटे.

प्रथिने सरासरी ५२ ग्रॅम, अंशतः साध्य. आहारनोंद वेळेनुसार पाहता दुसरे पेय संध्याकाळी ६ वाजता दिले जात होते आणि ७ चे जेवण निम्मे परत जात होते. म्हणजे पूरक पेय जेवणाची जागा घेत होते.

नियोजनातील बदल

दुसरे पेय रात्री ९ वाजता. आहारनोंद ३ दिवस सुरू. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर. पहाटे ५ वाजता कॉमोडची एक फेरी वाढवली. रात्रीचे ३ तासांचे अंतर कायम. पुश पुन्हा ७ दिवसांनी. १४ दिवसांत पुश गुणांतील घट थांबली किंवा तळाला पिवळा थर आला, तर जखमतज्ज्ञ परिचारिकेकडे संदर्भ.