ही भीती कुणाची? प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशनवर समुपदेशकांच्या शनिवारच्या गटासाठी टिपण

मागच्या शनिवारी तुमच्यापैकी तिघांनी एकच प्रश्न विचारला: प्रोजेक्शन आणि प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशन यात फरक काय? तेव्हा मी घाईत उत्तर दिलं आणि ते अर्धवट राहिलं. म्हणून हे लिहून काढलंय. मराठीत ‘प्रक्षेपी तादात्म्य’ म्हणता येईल, पण गटात आपण इंग्रजी शब्दच वापरतो, इथेही तोच ठेवते.

‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून’ ही म्हण घ्या. साधं प्रोजेक्शन जवळपास एवढंच. माझ्यातला राग मला सोसत नाही, म्हणून तो मला तुमच्यात दिसतो. तुम्ही मात्र शांतपणे चहा पीत बसलेले असता, तुम्हाला काहीच झालेलं नसतं. प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशनमध्ये गोष्ट पुढे जाते. मी तुमच्याशी अशी वागत राहते की थोड्या वेळाने तुम्ही खरंच रागावता. मग मी म्हणते, ‘बघा, किती तापट आहात तुम्ही!’ आणि तुम्हालाही ते पटतं.

ही कल्पना मनोविश्लेषक मेलानी क्लाइन यांनी 1946 च्या निबंधात मांडली. त्यांच्या मते तान्हं मूल स्वतःतला न सोसणारा भाग मनातल्या मनात आईत ढकलतं आणि मग तिला त्याच रूपात पाहतं. हे सगळं मुलाच्या कल्पनेत घडतं. समोरच्या माणसावर त्याचा खरोखर काय परिणाम होतो, हे पुढे विल्फ्रेड बियॉन यांनी जास्त उलगडलं. (बियॉन यांचा जन्म 1897 मध्ये मथुरेचा, हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं.) बियॉन म्हणतात, मूल आपली भीती आईपर्यंत पोचवतं, कारण त्याच्याकडे दुसरी भाषाच नसते. आई ती भीती स्वतःत घेते, थोडा वेळ सोसते आणि मुलाला पेलेल अशा रूपात परत देते. म्हणजे ही नुसती बचावाची युक्ती राहत नाही, संवादही असतो. पुढे 1979 मध्ये थॉमस ऑग्डेन यांनी तीन पायऱ्या सांगितल्या: नकोसा भाग दुसऱ्यात टाकण्याची कल्पना, मग वागण्यातून टाकलेला दाब, आणि शेवटी समोरच्याने ते स्वतःत मुरवून परत देणं.

मधली पायरी पक्की धरा. बहुतेक चुका तिथेच होतात. भावना हवेतून उडून जात नाही. ती सूर, थांबणं, फोन, नजर, अर्धवट सूचना यांतून जाते. तो नेमका क्षण तुम्हाला दाखवता येत नसेल, तर हा शब्द वापरू नका.

आता उदाहरण. दोन-तीन प्रसंगांचे धागे एकत्र करून ते रचलंय, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून.

बेळगावच्या उद्यमबागेतला एक कास्टिंगचा कारखाना. क्वालिटी विभागात पाच जण. विभागाचे साहेब पंचवीस वर्षांपूर्वी मोल्डिंगला लागले आणि तिथून वर चढले. हाताने कास्टिंग वाजवून आतली चीर सांगणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी सगळं संगणकावर गेलं, ग्राहकाची ड्रॉइंग मेलवर येऊ लागली. साहेब मात्र हसतमुख. ‘आपल्याला काय, सगळं येतं,’ असं म्हणायचे.

त्याच सुमारास खानापूर तालुक्यातली एक मुलगी इंजिनिअर म्हणून रुजू झाली. कॉलेजात पहिली आलेली. सहा महिन्यांत तिला साधा मेल पाठवायलाही हात थरथरू लागला. ती माझ्याकडे आली तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘मॅडम, मला काय सुचंनाच झालंय. मी ढ आहे असं वाटायलंय.’

मी तिला एकच दिवस तपशिलात सांगायला लावला. सकाळी साहेब म्हणाले, ‘ते पंपाचं रिपोर्ट करून टाक.’ कुठल्या ड्रॉइंगप्रमाणे, ते नाही सांगितलं. तिने विचारलं तर हसून म्हणाले, ‘एवढंही कळंना होय गं?’ अकरा वाजता फोन: ‘नक्की बघितलंस नव्हं? बघ हं, परत आलं माल तर.’ साडेअकराला परत फोन. बारा वाजता ते येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, काहीच न बोलता. तिने घाबरून दोन फायली उघडल्या, बंद केल्या आणि ड्रॉइंगच्या जुन्या रेव्हिजनप्रमाणे रिपोर्ट पाठवला. चूक झाली. साहेब बाकीच्यांकडे वळून म्हणाले, ‘मी म्हटलेलो की.’ सगळे हसले.

त्या हसण्यात सुटकेचा भाग होता, हे लक्षात घ्या. टीममध्ये एक जण ‘ढ’ ठरला की बाकीच्या चौघांना आपापली धाकधूक बघावी लागत नाही. म्हणून अशी व्यवस्था टिकते. मला नवं जमणार नाही, माझे दिवस संपले, ही भीती माझ्या मते साहेबांची होती. ती त्यांच्यापाशी दिसतच नव्हती. दिवसभर मुलगी ती वाहत होती, रात्री घरी घेऊन जात होती, आणि साहेब निवांत झोपत होते.

पण तिच्यातच का रुजली? कारण जागा होती. गावातून शहरात आलेली, घरातली नोकरीला लागलेली पहिली मुलगी. आपण इथे शोभत नाही अशी बारीक शंका तिला आधीपासून होती. टाकलेली भावना बहुधा अशा खाचेत जाऊन बसते. म्हणून ‘हे सगळं साहेबांचंच, तुझं काही नाही’ असं सांगणं खोटं ठरलं असतं.

आणि आपल्या खोलीत काय झालं? तिसऱ्या भेटीत ती दर वाक्यानंतर विचारू लागली, ‘मग आता नक्की काय करायचं मॅडम?’ मी काही सुचवलं की, ‘ते केलंय, उपयोग नाही.’ वीस मिनिटांत मला वाटू लागलं की मला काही येत नाही. मी भराभर सल्ले देऊ लागले, एक तर चुकीचाही दिला. मी तेव्हा तिची जागा घेतली होती आणि ती साहेबांची. हे मला त्या दिवशी कळलं नाही, रात्री जेवताना कळलं.

पुढच्या भेटीत ‘तू हे माझ्यात टाकलंस’ असं मी म्हटलं नाही. तुम्हीही कधीच म्हणू नका, कारण त्यात अशिलावर आरोप असतो आणि आपण आपली भीती तिच्याकडे परत फेकलेली असते. ती पुन्हा ‘काय करायचं’ म्हणाली तेव्हा मी उत्तर द्यायची घाई केली नाही. थोडं थांबून म्हणाले, ‘काहीही केलं तरी चुकणारच, असं वाटत बसून राहणं किती अवघड असतं, ते मला आत्ता थोडं कळतंय.’ ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, ‘खुर्चीमागं कोण उभं राहिलं की असंच होतंय.’

फाउंड्रीत काम केलेल्यांना हे समजावणं सोपं जातं. वाळूच्या साच्याला वितळलेलं लोखंड पेलावं लागतं, आणि आतला गॅस बाहेर जाऊही द्यावा लागतो. वाट नसेल तर कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ्या, पडतात. आपलं सुपरव्हिजन ही ती वाट. रात्री एकटीने मी उशिरा ओळखलं, गटात बसून लवकर ओळखलं असतं.

दोन इशारे. तुमच्या मनात उठलेली प्रत्येक भावना अशिलाची नसते. त्या दिवशी तुमचं घरी भांडण झालं असेल, झोप झाली नसेल, तर ते आधी बघा. आणि अपुरा पगार, बाईमाणसाला टोमणे, जातीवरून किंवा भाषेवरून डावलणं, या गोष्टी बाहेरच्या आणि खऱ्या असतात. त्यांना मनाच्या खेळाचं नाव देऊन अशिलाला गप्प करणं हा अन्याय आहे. साहेबांच्या वागण्यात छळ होता, आणि तो छळ आहे हे मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं.

दोन महिन्यांनी तिने साहेबांना सांगितलं, ‘कुठली रेव्हिजन ते मेलवर लिहून द्या, मी तसंच करते.’ फोन आला की ती ‘बघून सांगते’ म्हणायची आणि ठेवायची. तिच्या चुका थांबल्या. साहेब आठवडाभर चिडचिडे झाले, एकदा मेलची अटॅचमेंट उघडेना म्हणून कीबोर्ड आपटला. त्यानंतर ते स्टोअरमधल्या नव्या पोराच्या खुर्चीमागे उभे राहू लागले.