केळवणाच्या ओटीतली चेन परत पाठवताना

विश्रामबाग, सांगली
रविवार

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार.

परवाचं केळवण लेकीच्या मनात घर करून राहिलंय. कटाच्या आमटीचं कौतुक तिच्या सासरपर्यंत पोचलं. वहिनी, तुम्ही तिची ओटी भरलीत तेव्हा मला भरून आलं होतं.

घरी येऊन साडीची घडी उलगडली, तर आत सराफाची डबी. दीड तोळ्याची चेन! आम्ही दोघं बराच वेळ नुसते बघत बसलो. दादा, ही चेन आम्हाला ठेवून घेता येणार नाही. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, गावभागात तुमच्या घरात पाणी शिरलं आणि तुम्ही सगळे आमच्याकडं राहायला आलात. त्याची जाण तुम्ही आजही ठेवता. पण वहिनी, तेव्हा पहाटे उठून दोन्ही घरांचा स्वयंपाक तुम्हीच करत होता. माझ्या सासूबाईंची औषधं तुम्ही वेळेवर देत होता. त्या शेवटपर्यंत तुमचं नाव काढायच्या. मग कुणी कुणाचं देणं लागतं? सोनं घेतलं तर त्या दिवसांचा हिशेब झाल्यासारखं वाटेल, आणि तो मला कधीच करायचा नाही.

आणखी एक, मोकळेपणानं सांगते. आपण एकाच शाखेत काम करतो. उद्या तुमच्या घरच्या कार्याला मी काय द्यायचं, हा विचार माझ्या मनात येईल आणि आहेराची वही आपल्या मध्ये येईल. ते मला नको आहे.

ओटीत घातलेलं परत करू नये, हे मला माहीत आहे. म्हणून साडी, खण, नारळ, तांदूळ सगळं मानानं ठेवून घेतलंय. ती साडी लेक देवकाला नेसणार आहे, तिनंच ठरवलंय. चेन परत करायची, हेही तिला विचारूनच ठरवलं. फक्त डबी हे घेऊन येत आहेत. पावती आतच आहे, चेन कुणी घातलेली नाही, त्यामुळं सराफाकडं अडचण येऊ नये. बँकेत याबद्दल कुणाकडं बोलले नाही, बोलणारही नाही.

मला मात्र तुमच्याकडून हक्कानं दोन गोष्टी हव्यात. वहिनी, हळदीला पहिल्या पाच सवाष्णींत तुम्ही हव्यात, त्यामुळं सकाळी आठच्या आत या. आणि दादा, मुंबईची मंडळी पहाटेच्या गाडीनं मिरजेला उतरणार आहेत. त्यांना कार्यालयात आणायचं काम तुमच्याकडं सोपवते. गाडी सांगून ठेवली आहे, ड्रायव्हरचा नंबर हे देतील.

यांना चहा दिल्याशिवाय सोडू नका. साखर कमी.

तुमची,
ताई