परीक्षक समितीचे निवेदन : 'खाडा' या कादंबरीस उत्कृष्ट कादंबरीचा पुरस्कार

यंदाच्या पुरस्कारासाठी आम्ही 'खाडा' या कादंबरीची निवड केली आहे. लेखिकेची ही पहिलीच कादंबरी. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी कोल्हापूरकडे ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्याचे सहा हंगाम तिच्यात आहेत.

कादंबरीची रचना मुकादमाच्या वहीसारखी आहे. प्रकरणाच्या डोक्यावर नोंद असते : उचल किती, तोड किती टन, खाडे किती, बाकी किती. वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. बायकोचे, सारजाचे, नाव तिथे कुठेच नाही, आणि नोंदीखालचा सगळा मजकूर मात्र तिच्याच डोळ्यांनी पाहिलेला. तिसऱ्या हंगामात ती फडालगतच्या कोपीत बाळंत होते, त्या दिवसापुढे वहीत फक्त 'खाडा' लिहिलेले आहे. दंडाची रक्कम त्याच ओळीत. पुढची अकरा पाने अलीकडच्या मराठी गद्यातली फार मोलाची पाने आहेत, असे आम्ही पूर्ण जबाबदारीने म्हणतो. चौथ्या हंगामापर्यंत वाचकही प्रकरण उघडताच आधी 'बाकी'चा आकडा शोधू लागतो. कर्ज माणसाच्या नजरेत कसे शिरते, हे लेखिकेने न सांगता घडवले आहे.

भाषेवरची हुकमत तितकीच पक्की. प्रमाण मराठीत सुरू झालेले निवेदन हंगामागणिक सारजाच्या बोलीकडे सरकते आणि पाचव्यात पूर्ण तिचे होते. मोळी बांधणे, अपरात्री गाडी भरणे, वाढे विकून बाजार करणे ही कामे लेखिका कामासारखीच लिहिते. कणव मागत नाही.

सहाव्या हंगामात मात्र हा हात सुटतो. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया आणि 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेली चौकशी समिती हा विषय येताच पात्रे एकमेकांशी बोलायचे सोडून वाचकाला माहिती देऊ लागतात. डॉक्टर निव्वळ खलनायक आहे. कारखान्याच्या पैशात स्वतः अडकलेला मुकादम पूर्वार्धात किती जिवंत उतरला होता! तो इथे नाहीसाच होतो. नवराही अखेरीस दारूपुरता उरतो, आणि उसाचा मालक पहिल्यापासून बांधावरचा नुसता आवाज आहे. ज्या वहीत सगळ्यांचे हिशेब आहेत, तिच्यात ही माणसे कोरी राहायला नको होती.

या कारणांमुळे आमच्यातल्या एका परीक्षकाने दुसऱ्या पुस्तकाचा आग्रह धरला होता. बैठकीत तिसरा हंगाम मोठ्याने वाचला गेला आणि त्यानंतर निर्णय एकमताने झाला. पुढच्या आवृत्तीत लेखिकेने शेवटचा हंगाम पुन्हा लिहायला घ्यावा, अशी आमची मनापासून विनंती आहे. पुरस्कार आज हाती आहे त्याच पुस्तकाला, पूर्ण आदराने.

— परीक्षक समिती, कादंबरी विभाग