नकाराचं पत्र : सुधारित मसुदा

सर,

कनिष्ठ लेखापालाच्या जागेसाठी आलेल्या स्नेहल यांना पाठवायचं पत्र नव्याने लिहिलंय. जुन्या मसुद्यातलं ‘आपला बायोडेटा आमच्याकडे राखून ठेवत आहोत, संधी येताच संपर्क करू’ हे वाक्य काढलं. आपण कुणालाच फोन करत नाही, आणि बिचारी माणसं वाट बघत बसतात. ‘तीव्र स्पर्धेमुळे’सुद्धा काढलं, त्यातून कुणाला काय कळणार? ठीक वाटलं तर सही करा, आजच्या कुरिअरने जाऊ दे.

विषय : कनिष्ठ लेखापाल पदाच्या मुलाखतीचा निर्णय

स्नेहल, सप्रेम नमस्कार.

या पदासाठी आम्ही तुमची निवड करू शकलेलो नाही. दुसऱ्या उमेदवाराने नेमणूक स्वीकारली असून जागा भरली आहे. प्रतीक्षा यादी ठेवलेली नाही. त्यामुळे आमच्या उत्तराची वाट पाहू नका. दुसरीकडे बोलणं चालू असेल तर ते खुशाल पुढे न्या.

कारण मोघम सांगत नाही. आमच्या लेखा विभागात सध्या जीएसटीचं काम एकहाती सांभाळणारं माणूस हवं होतं. निवड झालेल्या उमेदवाराने विवरणपत्रं स्वतः भरलेली आहेत. तुमचा अनुभव मुख्यतः टॅलीतल्या नोंदी आणि बँक ताळमेळाचा आहे. चाचणीतही हाच फरक दिसला. खरेदी नोंदवहीतली दोन बिलं GSTR-2B मध्ये नव्हती, तरी तुम्ही त्यांचं क्रेडिट त्याच महिन्याच्या GSTR-3B मध्ये धरलं. पुरवठादाराने बिल दाखवून ते 2B मध्ये येईपर्यंत क्रेडिट घेता येत नाही. 1 जानेवारी 2022 पासून कायद्यातच तशी अट आहे. हे शिकता येण्यासारखं आहे, पण शिकवायला आमच्याकडे आत्ता माणूस मोकळा नाही.

बँक ताळमेळाचा प्रश्न मात्र तुम्ही उत्तम सोडवलात. वटायचे राहिलेले चेक वेगळे काढलेत आणि बँकेने परस्पर कापलेलं शुल्कही शोधलंत. तुमचा कागद इतका स्वच्छ होता की तपासणाऱ्याला एकही शंका विचारावी लागली नाही. हे बरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. पॅनेलच्या शेऱ्यांत तसंच नोंदलेलं आहे.

पुढे कधी आमची जाहिरात दिसली आणि अर्ज करावासा वाटला तर जरूर करा. तो इतरांच्या अर्जांबरोबर नव्यानेच पाहिला जाईल. आजच्या निर्णयाचा त्याला फायदा नाही, तोटाही नाही.

तासगावहून कुपवाडला तुम्ही दोनदा आलात. दोन्ही वेळचं एसटी भाडं तुम्ही दिलेल्या बँक खात्यात जमा केलं आहे. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रती सोबत परत पाठवत आहोत.

चाचणीबद्दल काही विचारायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार दुपारी तीननंतर कार्यालयात फोन करून लेखा विभाग मागा. निर्णय बदलणार नाही, पण उत्तरं नीट मिळतील.

आपला,
व्यवस्थापक, लेखा विभाग